मातीतून न गेलेलं पाणी

ते पान वाचल्यावर महानंदा मॅडमना पहिल्यांदा राग आला तो शिवरंजनीच्या अक्षराचा. इतकं टपोरं, इतकं सुबक, की नीट वाचता आलं नाही म्हणायचीही सोय नव्हती.

जुलैचा शेवटचा शनिवार होता. शाळा सकाळची, पोरं कधीच घरी गेली होती. स्टाफरूममध्ये मॅडम एकट्या आणि टेबलावर नववीच्या जलसुरक्षा प्रकल्पाच्या एक्केचाळीस वह्या. विषय सगळ्यांना एकच दिलेला होता: मोसमी वारे का वाहतात आणि जलचक्र. त्यातल्या चाळीस वह्यांत गाईडमधला तोच मजकूर त्याच चुकांसकट उतरवलेला होता. चाळीस ठिकाणी तोच निळा समुद्र आणि तेच कापसासारखे ढग. असल्या वह्या तपासायला डोकं लागत नाही, लाल पेन पुरतो. एक्केचाळिसावी वही मात्र गाईडमधली नव्हती, आणि ती मॅडमच्या गळ्यात अडकली.

जळकोटच्या अलीकडे हायवे सोडून चार किलोमीटर आत गेलं की हे गाव लागतं. तिथल्या हायस्कुलात महानंदा मॅडम एकोणीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. गावातल्या अर्ध्या संसारांतली बाई नाहीतर बाप्या त्यांच्या हाताखालून गेलेला. मॅडम म्हणाल्या म्हणजे झालं, असा गावाचा हिशेब. त्या चांगलंच शिकवायच्या, हेही खरं. जूनमध्ये पावसानं आठवडाभर दडी मारली, ऊन मे महिन्यासारखं तापलं, तेव्हा त्यांनी पटांगणात दोन डबे मांडले होते. एकात काळी माती, एकात पाणी. तासाभरानं थर्मामीटर लावला तर माती पाण्यापेक्षा नऊ अंशांनी गरम. मग हेडमास्तरांची माशांची रिकामी काचपेटी आणून दोन्ही डबे आत ठेवले, मधे उदबत्ती लावली, वर झाकण घातलं. धूर तळातून मातीकडे सरकला, तापलेल्या मातीवर जाऊन वर चढला आणि झाकणाखालून पुन्हा पाण्याच्या बाजूला वळला.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "ही माती म्हणजे आपला देश, हे पाणी म्हणजे समुद्र. उन्हाळ्यात जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. तापलेली हवा हलकी होऊन वर गेली की खाली दाब कमी होतो आणि समुद्रावरची जड, ओली हवा तिकडं धाव घेते. पण एवढ्यानं भागत नाही. सूर्य उत्तरेकडं सरकतो तसा कमी दाबाचा पट्टाही उत्तरेकडं सरकतो. मग विषुववृत्ताच्या पलीकडून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, आणि पृथ्वी फिरते म्हणून उजवीकडं वळतात. ते आपल्याकडं येतात नैर्ऋत्येकडून."

"मॅडम, एवढ्या लांबून येतेत, मग आपल्याकडं एवढा थोडाच का पडायलाय?" शिवरंजनीनं विचारलं. मठाच्या गल्लीतल्या इरम्माची ही पोर. बोलायची कमी, पण विचारलं की नेमकं विचारायची.

"सह्याद्री आडवा येतो. वारा डोंगर चढतो, वर जाऊन थंड होतो, वाफेचं पाणी होतं आणि कोकणातच कोसळतं. डोंगर उतरताना तीच हवा पुन्हा तापते, कोरडी होते. आपल्या वाट्याला उरलंसुरलं. सप्टेंबरात बंगालच्या उपसागराकडून एखादं वादळ सरकलं तर जरा बरं."

हे सगळं शिवरंजनीच्या वहीत होतं, आणि समजून लिहिलेलं होतं. त्यापुढं मात्र तिनं स्वतःचं डोकं चालवलं होतं. 'समुद्र खारट, मग पाऊस गोड कसा?' असं मथळा देऊन तिनं लिहिलं होतं: 'पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ आणि घाण खालीच राहते. म्हणून जलचक्रात पाणी पहिल्यांदा स्वच्छ होतं ते आभाळात चढताना. दुसऱ्यांदा स्वच्छ होतं ते मातीतून हळूहळू मुरताना. माती त्याला गाळते. बाकी कुठंही ते स्वच्छ होत नाही, फक्त जागा बदलतं.'

एकोणीस वर्षांत मॅडमनी हे कुणाला इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं. 'छान' असं समासात लिहून त्यांनी पान उलटलं.

पुढचं पान होतं 'आमच्या गल्लीचं जलचक्र'. पोरीनं सरळ उभ्या बाटलीचं पर्जन्यमापक केलं होतं आणि रोज सकाळी आठला पाऊस मोजला होता. शेजारी दुसरा रकाना, 'दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी'. चोवीस जून, बासष्ट मिलिमीटर: गढूळ, वास. तीन जुलै, सात: स्वच्छ. नऊ जुलै, अठ्ठेचाळीस: गढूळ, वास. सतरा जुलै, अकरा: स्वच्छ. खाली लिहिलं होतं: 'आमच्या टाकीला चारशे फूट खोल बोअरचं पाणी येतं. माती मुरवत मुरवत पाणी एवढं खाली एका रात्रीत जात नाही. म्हणजे मोठ्या पावसाचं पाणी मातीतून न जाता खाली उतरतंय. त्याच्यापासून साठ फुटांवर जुना आटलेला बोअर आहे. त्याच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात गटार तुंबलं की पाणी शिरतं आणि ते थेट त्या बोअरच्या पाइपात जातं. जुलैत गल्लीत तिघांना कावीळ झाली.'

तिघांची नावंही होती. तारखाही होत्या.

मॅडमनी वही मिटली. पुनर्भरणाचा तो खड्डा त्यांचा होता.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी त्यांनी मुलांकडून 'आटलेल्या बोअरचं पुनर्भरण' हा प्रयोग करून घेतला होता. मठाच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी पाइपानं खड्ड्यात आणायचं. खड्ड्यात खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू. त्यातून गाळलेलं पाणी बोअरमध्ये सोडायचं. कागदावर सगळं चोख. गुरुवारी तपासायला समिती यायची होती आणि बुधवारपर्यंत वाळू आली नव्हती. दगड-खडीही मग राहूनच गेली. मॅडमनी रिकाम्या खड्ड्यावर झाकण बसवलं, झाकणाभोवती रांगोळी घातली आणि समितीसमोर मठाच्या पत्र्यावर चार घागरी ओतून दाखवल्या. पाणी खळखळत बोअरमध्ये गेलं. समितीनं टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात वाळू आली की भरू, असं त्या म्हणाल्या होत्या. वाळू आली, तेव्हा शाळेच्या ध्वजाच्या ओट्याचं काम निघालं होतं आणि ती तिकडं गेली. प्रदर्शनात बक्षीस मिळालेली ढाल हेडमास्तरांच्या कपाटात गेली. खड्डा तसाच राहिला, गटाराच्या अंगाला, रस्त्याच्या पातळीत.

त्या लबाड नव्हत्या. विसरल्या होत्या, एवढंच. पण विसरलेलं कुणीतरी टपोऱ्या अक्षरात लिहून समोर ठेवलं की ते विसरणं राहत नाही.

रविवारी दुपारी त्या मठाच्या गल्लीत गेल्या. पिशवीत जुनी पोती होती. पाइपाच्या तोंडात बोळा कोंबायचा, वर दगड ठेवायचे, कुणाला काही सांगायचं नाही, असं घरून ठरवून निघाल्या होत्या. खड्ड्यापाशी पोचतात तोवर इरम्मानं ओट्यावरून हाक मारली.

"या की मॅडम. उन्हाचं कुठं निगालाव?"

शेजारच्या दोघी-तिघी बाहेर आल्या. इरम्माची सून दीपालीही दारात आली. पाचवा सरून सहावा लागलेला, तोंडावर टवटवी. तीही मॅडमची विद्यार्थिनी. माहेर जवळच्याच वाडीचं, शाळा इथली.

"मॅडम, तुमी त्यो खड्डा केला म्हणून बोअरला पाणी टिकलं बघा," एक जण म्हणाली. "न्हायतर जुलैत निसता खडखडाट असतोय. लई पुण्य लागंल तुमाला."

दीपाली हसली. मॅडमही हसल्या. चहा झाला. पोती पिशवीतच राहिली. परत येताना त्यांनी स्वतःची समजूत घातली: उपकेंद्राच्या नर्सबाई टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकतात, नव्या पाण्यानं दरवर्षी चार जण आजारी पडतातच, आणि वाळूची ट्रॉली सांगून गुपचूप खड्डा भरून घेतला की प्रश्न मिटला. माणूस स्वतःला किती सहज उत्तीर्ण करतो. नर्सबाई पावडर आठवड्यातून एकदा टाकायच्या, ती पण आठवली तर, हे मॅडमना ठाऊक होतं.

सोमवारी त्यांनी शिवरंजनीला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"प्रकल्प चांगला आहे तुझा. मी जिल्ह्याला पाठवणार आहे. हे शेवटचं पान तेवढं काढून टाक."

"का मॅडम? चुकलंय का?"

ती खरंच विचारत होती. चुकलं असेल तर तिला समजून घ्यायचं होतं. मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं.

"हो, चुकलंय. जमिनीत गेलेलं पाणी गाळलं जातं, तूच लिहिलंयस."

"पण मातीतनं जातच न्हाय मॅडम. पाइपातनं डायरेक जातंय."

"खाली खडक आहे ना? खडकातूनही गाळलं जातं."

हे खोटं होतं. या भागातला काळा पाषाण चिराभेगांचा असतो, आणि भेगेतून पाणी नळीतून वाहावं तसं वाहतं, काही गाळत नाही. नववीच्याच वर्गात त्यांनी ते कितीदा सांगितलं होतं. आपल्या तोंडून ते वाक्य बाहेर पडताना त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून माणूस थांबतोच असं नाही.

"मग पानी गढूळ कशानं येतंय?"

"टाकी धुतली नसेल. आणि कावीळ बाहेरच्या खाण्यानं होते. उगाच गल्लीत घबराट करू नकोस. अर्धवट ज्ञान वाईट असतं."

 शिवरंजनीनं वही उघडली, शिलाईपाशी बोटानं दाबून ते पान नीट फाडलं, घडी केली आणि दप्तरात ठेवलं.

"व्हय मॅडम," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपलं गणित चुकलं आणि बाईंनी वेळेत सांगितलं, असाच भाव होता.

वाळूची ट्रॉली मॅडमनी सांगितली. ट्रॉलीवाला आज-उद्या करत राहिला. मग पंधरा ऑगस्ट आला, मग घटक चाचणी. एकोणीस ऑगस्टला दुपारनंतर ढग फुटावा तसा पाऊस झाला. मठाच्या गल्लीत गुडघाभर पाणी तुंबलं आणि तासाभरात ओसरलं. मॅडम घराच्या गॅलरीत उभ्या राहून ते बघत होत्या. पाणी कुठं ओसरतंय हे गावात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकीची त्यांनी समजूत काढली होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शिवरंजनी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तिच्या वयनीला कावीळ झाली. सोलापूरला नेलंय."

 गरोदर बाईला पाण्यातली कावीळ किती जड जाते हे मॅडमनी वाचलेलं होतं. हातातला खडू खाली ठेवून त्या तशाच ग्रामपंचायतीत गेल्या. मठाच्या गल्लीचा बोअर ताबडतोब बंद करा, पाण्याचा नमुना पाठवा, म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही. मॅडम म्हणतात म्हणून त्याच दुपारी मोटार काढली, टँकर लावला. सहा दिवसांनी कागद आला, पाणी पिण्यास अयोग्य. गावानं मॅडमचं कौतुकच केलं. बघा, शिकलेल्या माणसाला आधी कळतं.

कागद आला त्याच रात्री दीपाली गेली. पोटातलं मूलही गेलं. आधी डोळे पिवळे झाले होते, मग तिला माणसं ओळखू येईनात, मग ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या त्यांच्या रानात खड्डा खणून, लिंगायतांच्या रीतीनं तिला बसवून माती दिली. मॅडम तिथं गेल्या नाहीत. 

तिसऱ्या दिवशी मात्र गेल्या. दारात चपला होत्या, आत पुरुषमंडळी सतरंजीवर बसलेली. मॅडम परसात बायकांकडे गेल्या. इरम्मा भिंतीला टेकून बसली होती. शिवरंजनी चुलीपाशी होती. चुलीवर मोठं पातेलं, त्यात पाणी खदखदत होतं.

मॅडम तिच्याजवळ बसल्या.  शिवरंजनीच बोलली, विस्तवाकडे बघत.

"आदी बी उकळतच होतो मॅडम."

"कधी?"

"जुलैत. त्या तिघांना कावीळ झाली आन् मी ते पान लिवलं, तवाच आईला म्हनलं, ह्या पान्यात घान यायलीय, वयनीला उकळून दिऊ. आई रोज पातेलंभर उकळायची. जळण जातंय म्हणून कुरकुरायची, पर उकळायची."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. पुढचं त्यांना कळलं होतं, तरी त्यांनी विचारलं. "मग?"

"मग तुमी सांगितलं ना, तसं काय नसतंय. मी घरी यून सांगितलं, माझं चुकलं व्हतं, मॅडम म्हनाल्या पानी चांगलं हाय. त्या दिवसापासनं बंद केलं."

ती रडत नव्हती. सांगत होती, शाळेत उत्तर सांगावं तसं. पलीकडं कुणीतरी इरम्माला पाणी पाजत होतं. मॅडमना वाटलं, हिनं ओरडावं, शिव्या द्याव्यात, उठून जावं. पण पोरीच्या मनात अजूनही मॅडमची चूक नव्हतीच. आपण प्रकल्प चुकवला, आणि चुकवला तो नेमका कुठं हे कळलं नाही, एवढंच तिला टोचत होतं.

"मॅडम, पानी तर खराबच निगालं. मग माझं चुकलं कुठं?"

 एवढा सरळ प्रश्न आयुष्यात महानंदा मॅडमना कुणी विचारला नव्हता.

"तुझं काहीच चुकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पान बरोबर होतं. प्रत्येक ओळ बरोबर होती. तो खड्डा मी भरलाच नव्हता. वाळू नव्हती आत, दगड नव्हते, काहीच नव्हतं. तू लिहिलंस ते बाहेर गेलं असतं तर माझं नाव आलं असतं. म्हणून मी खोटं बोलले."

शिवरंजनी वळली. तिनं बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत हळूहळू काहीतरी विझत गेलं, आणि ते विझताना बघणं मॅडमना सोसवेना. तरी त्यांनी मान खाली घातली नाही.

"मला कशाला सांगायलाव?" ती शेवटी म्हणाली. "दादाला सांगा."

ती उठली आणि पातेलं उतरवायला फडकं शोधू लागली.

मॅडम उठल्या. परसातून पुढच्या खोलीत जायला मधे एकच दार होतं. दीपालीचा नवरा महांतेश भिंतीशी बसला होता, दाढी वाढलेली, समोर बघत. मॅडमना बघून तो सावरून बसला, शेजारच्या माणसाला सरकायला सांगून त्यानं सतरंजीवर जागा केली. तोही त्यांचाच विद्यार्थी.

"बसा मॅडम. आगं, मॅडमला पानी द्या कुणीतरी."

दारातून इरम्मानं तांब्या पुढं केला. "उकळलेलं हाय, भिऊ नका," ती म्हणाली.

मॅडमनी तांब्या घेतला आणि खाली ठेवला. मग त्यांनी सगळं सांगितलं. समिती, रिकामा खड्डा, ओट्याला गेलेली वाळू, पोत्यांची पिशवी घेऊन मारलेली फेरी, वहीतलं पान, खडकाबद्दल बोललेलं खोटं. गाळलं काही नाही.  इरम्मा दारातच खाली बसली.

महांतेशनं सगळं ऐकून घेतलं. त्याचे हात मांडीवर होते, तसेच राहिले. मॅडमना वाटलं, तो आता उठेल, अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं.

"शिवरंजनीनं लिवलेलं तुमी वाचलं कवा?" त्यानं विचारलं.

"जुलैच्या शेवटच्या शनिवारी."

त्यानं मनाशी काहीतरी मोजलं.

"तवा ती चांगली होती," तो म्हणाला.